दहावीची प्री-लिस्ट आणि परदेशाचा अर्ज

परदेशातून शिकून आलेली माजी विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातल्या आपल्या शाळेत बोलायला उभी राहते, तेव्हा समोर नववी-दहावीची मुले असतात. त्यांचा अर्ज अजून काही वर्षे लांब असतो. तरी त्यातली एक गोष्ट शाळेतच ठरून जाते, ती म्हणजे नाव.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, उरलेल्या नावाचा वेगळा. या क्रमामुळे सहसा अडत नाही. अडते ते इंग्रजी स्पेलिंगवर. समजा, गुणपत्रिकेवर दीपालीचा ‘दी’ दोन ‘ई’ घालून लिहिला आणि पासपोर्टवर एकाच ‘आय’ने. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पासपोर्टवरच्या नावाने द्यावी लागते. मग विद्यापीठापुढे पदवी एका नावाची आणि परीक्षेचा निकाल दुसऱ्याच नावाचा. दोघी एकच आहेत हे पटवायला प्रतिज्ञापत्र करा, पत्रव्यवहार करा, आणि तेही मुदत संपत आलेली असताना. दहावीचा परीक्षा अर्ज भरल्यावर मंडळाकडून प्री-लिस्ट शाळेत येते. तिच्यावर डोळे झाकून सही करू नये. स्वतःचे, वडिलांचे, आईचे नाव अक्षरन् अक्षर तपासावे. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती शिक्षण खात्याच्या मंजुरीत अडकते.

दुसरा कागद उत्पन्नाच्या दाखल्याचा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या 125 जागा आहेत आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख रुपये. बहुतेक जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना मिळून अवघ्या 4. बीडसारख्या जिल्ह्याकडे पाहता हा आकडा फारच तोकडा आहे.

दाखला तहसीलमधून मिळतो, त्याआधी तलाठ्याची चौकशी होते. इथे ऊसतोडीचा हंगाम आडवा येतो. दसऱ्याच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. आईवडील फडात असताना मुलीने एकटीने कागद जमवणे अवघड जाते. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि त्याच सुमारास घरची माणसे गावी येतात, म्हणून दाखल्याचे काम एप्रिल-मेमध्ये उरकावे.

शिफारसपत्राचे मात्र काम पुढे, महाविद्यालयात. बहुतेक विद्यापीठे प्राध्यापकांच्या ईमेलवर थेट दुवा पाठवतात आणि पत्र तिथेच भरायचे असते. ‘हुशार व कष्टाळू विद्यार्थिनी’ एवढ्याने काही कळत नाही. कोणता प्रकल्प केला, त्यात काय बिघडले, तिने ते कसे सुधारले, हे लागते; त्यासाठी सरांना आपल्या कामाचे टिपण आधीच द्यावे. दुवा कधी स्पॅममध्ये जातो, कधी सरांच्या बंद पडलेल्या ईमेलवर. पत्र पोचले की नाही, हे अर्जदाराला सहसा पोर्टलवर दिसते. मुदतीच्या आठवडाभर आधी ते पाहून घ्यावे आणि पोचले नसेल तर दुवा पुन्हा पाठवावा.