साठा नोंदवहीत बाईची सही कुठे आहे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



शालेय पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बचत गटाच्या बायका आपल्याकडे पगार थकल्याची तक्रार घेऊन येतात. गेल्या वर्षी एक बाई वेगळीच तक्रार घेऊन आली. शाळेतला एक गोणीहून जास्त तांदूळ तिने नेला, असं गावभर झालं होतं. पुरावा काय, तर साठा नोंदवही. ती वही तिने कधी हातात धरलेली नव्हती.

आम्ही वही मागून घेतली. पहिली ते चौथीची शाळा. महिन्याची सुरुवातीची शिल्लक ४० किलो, ती मात्र वजन करून लिहिलेली. मग सहा गोण्या आल्या, जमा ३०० किलो. बावीस दिवसांची हजेरी मिळून १९०० मुलं. दर मुलामागे १०० ग्रॅम, म्हणजे खर्च १९० किलो. (सहावी ते आठवीला हेच प्रमाण १५० ग्रॅम आहे.) शिल्लक राहायला हवी १५०. समितीच्या अध्यक्षांनी कोठीचं दार उघडलं, तर न उसवलेल्या दोनच गोण्या. त्या तोलल्या, ९४ किलो भरल्या. म्हणजे ५६ किलो गेले!

बाईला कोणी बोलावलंच नव्हतं. बोलावलं असतं तर तिने स्वयंपाकघरातली कणगी दाखवली असती. चौथी गोणी फोडून तांदूळ तिच्यात ओतलेला होता, त्यातले ३८ किलो शिल्लक होते. कोठीतून स्वयंपाकघरात गेलेला तांदूळ 'दिलेला' असतो, 'वापरलेला' नसतो. वहीत या दोन्हींसाठी एकच रकाना होता, आणि शिल्लक मोजताना एकच खोली बघितली. कणगी धरली की तूट १८ किलोवर आली.

तरी १८ किलो उरतातच. हे कुठे गेले?

आता त्या ९४ किलोकडे परत या. ते वजन रिकाम्या गोणीचं वजन वजा करून धरलेलं होतं. तागाची गोणी अर्ध्या किलोहून थोडी जास्त भरते, ती वजा केली नाही तर आपणच फसतो. म्हणजे एकेक गोणी ४७ किलोची. शिवण न उसवलेल्या गोणीतून बाई तांदूळ काढणार कशी? शिवाय एका गोणीचं तोंड यंत्राच्या दोऱ्याने शिवलेलं होतं आणि दुसऱ्या गोणीचं हाताने, सुतळीने. सुतळी दिसली की समजायचं, ती गोणी वाटेत उघडली गेली असावी.

हे दोन गोण्यांचं झालं. फोडलेल्या चार गोण्यांचं काय? त्या रिकाम्या, त्यांचं वजन आता कसं सांगणार? इथे बाईची स्वतःची वही कामाला आली. वही कसली, चुलीमागची भिंत. ती तांदूळ किलोच्या डब्याने मोजून घेते आणि दर डब्याला कोळशाची एक रेघ ओढते. आम्ही रेघा मोजल्या, १९१ भरल्या. वहीतल्या खर्चापेक्षा फक्त एक किलो जास्त. म्हणजे १९१ शिजले आणि ३८ कणगीत, एकूण २२९. त्यातले ४० जुने. चार गोण्यांतून निघाले १८९, म्हणजे गोणीमागे सव्वासत्तेचाळीस किलो. तूट गोणीतूनच आली होती. गोण्या शनिवारी संध्याकाळी उतरल्या, कोणी तोलल्या नाहीत, आणि पावतीवर 'सहा गोण्या, ३०० किलो' अशी सही झाली. त्या सहीने वाहतुकीतली चोरी शाळेच्या कोठीत आली आणि तिथून बाईच्या पदरात.

एक सांगते, रेघांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. डबा शीग लावून भरला की रेघ खोटी पडते. आम्ही तिच्याकडून डबा पाच वेळा भरवून तोलला, तेव्हाच तिचा आकडा धरला.

मुख्याध्यापक वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. दोन शिक्षकी शाळा, ते वही महिनाअखेरीला हजेरीपटावरून एका बैठकीत उतरवत. अशी वही ओळखायची असेल तर आठवडी बाजाराचा दिवस बघा. त्या दिवशी निम्मी मुलं आईबरोबर बाजाराला जातात, आणि वहीत मात्र हजेरी रोजच्याइतकीच असते. शिवाय अशा वहीत तांदूळ कधीच कमीजास्त शिजत नाही, रोज मुलं गुणिले शंभर ग्रॅम बरोबर. खरी वही इतकी स्वच्छ नसते.

पुढच्या महिन्यात गाडी आली तेव्हा बाई तराजूजवळ उभी राहिली. गाडीवाला कुरकुरला, "रोज असंच उतरवतो." सहा गोण्या २८४ किलो भरल्या. पावतीवर तेवढंच लिहिलं, १६ किलो कमी असा शेरा मारला आणि गाडीवाल्याची सही घेतली. वहीत आता दोन रकाने आहेत, कोठीतून दिलेला तांदूळ आणि शिजवलेला. रोजच्या ओळीपुढे बाईचा अंगठा असतो. शनिवारी कोठी आणि कणगी दोन्ही तोलतात.

चोर म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तिची माफी मागितलेली नाही. ती मागायची कशी आणि कोणाकडून, ग्रामसभेत की समितीत, हे आज दुपारी तिच्याशीच बोलून ठरवायचं आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे.