टोलच्या मासिक पासातल्या पन्नास खेपा

राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलनाक्याच्या अलीकडे दरांचा एक मोठा फलक असतो. डावीकडे वाहनांचे प्रकार एकाखाली एक लिहिलेले असतात, आणि प्रत्येकापुढे चार रकाने: एकेरी प्रवास, चोवीस तासांत परतीचा प्रवास, मासिक पास, आणि त्याच जिल्ह्यात नोंदणी झालेली व्यावसायिक वाहने. गाडी वेगात असते, त्यामुळे आपण आपल्या गाडीचा एकेरी दर तेवढा पाहतो आणि पुढे जातो. आज मला तिसऱ्या रकान्याविषयी बोलायचं आहे. रोज नाका ओलांडून पोट भरणाऱ्या माणसाने हा पास घ्यावा की नाही, याचं उत्तर त्या फलकावरच असतं. पण चारही रकाने एकत्र वाचले तरच ते हाती लागतं.

हा पास आला आहे केंद्र सरकारच्या २००८ सालच्या महामार्ग शुल्क नियमांतून. त्यातल्या नवव्या नियमात सवलती दिल्या आहेत. मासिक पासाची अट तिथे एका ओळीत आहे: पन्नास एकेरी प्रवासांचं जेवढं शुल्क होईल, त्याचा दोन तृतीयांश भाग आधी भरायचा, आणि पैसे भरल्यापासून एक महिन्याच्या आत जास्तीत जास्त पन्नास वेळा नाका ओलांडायचा. जाताना एक, येताना दुसरी, अशा पन्नास खेपा. म्हणजे जाऊन-येऊन पंचवीस दिवस. पास दहा तारखेला घेतला, तर महिना त्या दहा तारखेपासून मोजायचा. पास त्या एका नाक्यापुरता आणि त्या एका गाडीपुरता असतो. घरात दोन टेम्पो असतील, तर एकाच्या पासावर दुसरा जात नाही.

पास कोणत्या गाडीला मिळतो? पन्नास खेपांचा हा पास फलकावरच्या सगळ्या प्रकारांना आहे. कार-जीप आहे, हलकं व्यावसायिक वाहन आणि मिनीबस आहे, दोन आसांचा ट्रक किंवा बस आहे, तीन आसांचं वाहन आहे, त्यापुढची बहुआसी वाहनं आहेत. दर प्रकारागणिक बदलतो. नियमांमध्ये २००७-०८ साठी कारला किलोमीटरमागे ६५ पैसे, हलक्या व्यावसायिक वाहनाला १ रुपया ५ पैसे आणि दोन आसांच्या ट्रकला २ रुपये २० पैसे असा पाया धरला होता. तेव्हापासून दर वर्षी १ एप्रिलला त्यात वाढ होते, पण प्रकारांमधलं प्रमाण साधारण तेच राहतं. अगदी छोटे, टाटा एससारखे टेम्पो फास्टॅगच्या वर्गवारीत कारच्याच गटात येतात. त्याहून मोठी पिकअप घेतली की गट बदलतो आणि पासाची रक्कमही. म्हणून पास घेण्याआधी आपल्या टॅगवर कोणता गट नोंदवला आहे, तो गाडीच्या कागदपत्रांशी जुळतो का, हे बघून घ्या. नाक्याच्या मार्गिकेत गाडीचा प्रकार ओळखणारी यंत्रणा असते. टॅग एक सांगतो आणि यंत्रणा दुसरं, असं झालं की ती खेप तपासणीत अडकते.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या पेठ नाक्यावरून एकजण रोज पहाटे पिकअपमध्ये भाजी भरून कोल्हापूरला जातो आणि दुपारी परत येतो. वाटेत किणीचा नाका लागतो. गाडी हलक्या व्यावसायिक वाहनांच्या गटातली आहे. हिशेब सोपा जावा म्हणून एकेरी दर १२० रुपये धरू. तुमच्या नाक्यावरचा आकडा वेगळा असेल, तो इथे घाला. पन्नास खेपांचे सहा हजार होतात, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे चार हजार. पास चार हजारांचा. फलकावर ही रक्कम थोडी मागेपुढे दिसते, कारण शुल्क पाचाच्या पटीत पूर्णांक केलेलं असतं.

सहा हजारांचं काम चार हजारांत होतंय, म्हणजे दोन हजार वाचले, असं कोणालाही वाटेल. पण ही तुलना चुकीची आहे. रोज जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्या माणसाला जाता-येता पूर्ण दर पडतच नाही. चोवीस तासांच्या आत परत आलं, की दोन्ही वेळचे मिळून दीडपट शुल्क लागतं. टॅग चालू असेल तर ही सवलत आपोआप मिळते: जाताना १२० कापले जातात, येताना ६०. म्हणजे आपल्या भाजीवाल्याचा रोजचा खरा खर्च १८० रुपये आहे. महिन्यात तो बावीस दिवस गेला, तर पासाशिवाय ३९६० रुपये होतात. पास ४००० चा. चाळीस रुपयांचं नुकसान, शिवाय सगळे पैसे पहिल्याच दिवशी अडकले. तेवीस दिवस गेला तर ४१४० होतात, आणि तिथून पास परवडायला लागतो. पूर्ण पंचवीस दिवस गेला तर ४५००. म्हणजे वाचले ५००.

ही बावीस-तेवीस दिवसांची सीमारेषा मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती दरावर अवलंबून नाही. दर ऐंशी असो की तीनशे, जाऊन-येऊन करणाऱ्याला पास साधारण तेविसाव्या दिवसापासूनच फायद्याचा ठरतो. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या नोकरदाराचे महिन्याला जेमतेम बावीस दिवस भरतात. त्याने हा पास घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. आठवड्यातले सहा दिवस चालणाऱ्या धंद्याला तो चालतो, पण ज्या महिन्यात दिवाळी आहे, गावची जत्रा आहे, गाडी दुरुस्तीला लावायची आहे, त्या महिन्यात थांबावं. न वापरलेल्या खेपा पुढच्या महिन्यात जात नाहीत आणि त्यांचे पैसेही परत मिळत नाहीत.

ज्याची परतीची वेळ चोवीस तासांत बसत नाही, त्यालाही पास फळत नाही. माल घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी भरून तिसऱ्या दिवशी आला, अशा गाडीला प्रत्येक खेपेला पूर्ण १२० पडतात. तिचे पासाचे पैसे वसूल व्हायला चौतीस खेपा लागतात, आणि इतक्या अंतराने एका महिन्यात तेवढ्या खेपा होतच नाहीत.

आता पन्नासच्या पुढे काय? आपला भाजीवाला रविवार सोडून रोज जातो आणि एखाद्या महिन्यात त्याचे सव्वीस दिवस भरतात. पंचविसाव्या दिवशी परत येताना पन्नासावी खेप संपली. मुदत अजून शिल्लक असली तरी पास तिथेच थांबतो. सव्विसाव्या दिवशी नाक्यावरची यंत्रणा त्याच्या टॅगमधून साधा दर कापते. दंड वगैरे काही लागत नाही, जाता-येता मिळून १८० जातात. एकूण ४१८० झाले, पासाशिवाय ४६८० झाले असते. तेव्हा एक-दोन दिवस जास्त होणं ही घाबरण्याची गोष्ट नाही. पण दिवसाला दोन चकरा मारणाऱ्याचे पन्नास तेराव्या दिवशीच संपतात. मग पुन्हा पास घ्यायचा की उरलेले दिवस साध्या दराने काढायचे, हा हिशेब त्याला महिन्याच्या मधोमध परत मांडावा लागतो.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. पास आहे म्हणून टॅगमध्ये पैसे ठेवायचं राहून जातं. एकावन्नाव्या खेपेला पास संपलेला, टॅग रिकामा, आणि मागे गाड्यांची रांग. अशा वेळी टॅग वैध धरला जात नाही. १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमाने मग रोख दिले तर दुप्पट आणि यूपीआयने दिले तर सव्वापट शुल्क ठरवलं होतं. म्हणजे १२० च्या जागी रोख २४० किंवा यूपीआयने १५०. पास असला तरी टॅगमध्ये चार-पाच खेपांपुरते पैसे कायम ठेवा, आणि चाळिसाव्या खेपेनंतर मोजणी स्वतः ठेवा.

आता चौथा रकाना. हीच पिकअप कोल्हापूर जिल्ह्यात नोंदलेली असती तर? किणीचा नाका कोल्हापूर जिल्ह्यात आहे. नाका ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातल्या पत्त्यावर नोंदलेल्या व्यावसायिक वाहनाला निम्मा दर आहे, मात्र नॅशनल परमिटची गाडी चालत नाही आणि तिथे सेवारस्ता किंवा पर्यायी रस्ता असेल तर ही सवलत मिळत नाही. निम्मा दर म्हणजे खेपेला ६० रुपये. पासात खेप पडते ८० ला. ज्याला निम्मा दर मिळतो त्याने मासिक पास घेणं म्हणजे महिन्याला हजार रुपये जादा भरणं. आपली सांगलीची गाडी या सवलतीत बसत नाही, म्हणून तिच्यासाठी पासाचा विचार.

खाजगी कारवाल्यांचं गणित तर पूर्ण वेगळं आहे. घर नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत असेल आणि गाडी व्यवसायासाठी वापरत नसाल, तर स्थानिक मासिक पास मिळतो. २०२५-२६ साली त्याचा दर ३५० रुपये होता. त्यात खेपांची मर्यादा नाही, पण तो कॅलेंडरच्या महिन्यापुरता असतो. पंचवीस तारखेला घेतला तर महिनाअखेरीस संपतो, म्हणून एक तारखेलाच घ्यावा. सोबत राहण्याच्या पत्त्याचा पुरावा आणि गाडीचं आरसी लागतं. इथेही पर्यायी रस्त्याची अट आहे. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला हा पास मिळत नाही. वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला टोल माफ आहे, असं अनेकजण नाक्यावर हुज्जत घालून सांगतात. ती वीस किलोमीटरची मोफत तरतूद २०२४ मध्ये उपग्रहाधारित टोलसाठी केली होती, फास्टॅगच्या गाड्यांना ती लागू नाही.

आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी कार, जीप, व्हॅनसाठी वार्षिक पास आला: सुरुवातीचा दर ३००० रुपये, एक वर्ष किंवा २०० खेपा, जे आधी संपेल ते. तो एका नाक्याला बांधलेला नाही, राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांवर चालतो. त्या दराने खेप पंधरा रुपयांना पडत होती. कारसाठी पन्नास खेपांचा महागडा पास घेण्याचं कारण त्यानंतर उरलेलं नाही. दोनशे संपल्या की टॅग पुन्हा साधा होतो आणि पूर्ण दर कापू लागतो. रोज एकाच नाक्यावरून जाणाऱ्याच्या दोनशे खेपा चार-पाच महिन्यांत संपतील, त्याला स्थानिक पासच स्वस्त. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू हे राज्याच्या संस्थांचे रस्ते आहेत, तिथे वार्षिक पास चालत नाही.

पास घेतल्यावर पहिल्या दोन खेपांचे संदेश मोबाइलवर नीट वाचा. पास चालू असेल तर टॅगमधून पैसे जात नाहीत. गेले असतील तर पास टॅगशी जोडला गेलेला नाही, किंवा गाडीचा क्रमांक चुकीचा पडला आहे. पावती आणि संदेश जपून ठेवून त्याच दिवशी १०३३ या महामार्ग मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे कापलेली रक्कम परत मागा.