ताकातल्या कण्या : एकाच वाटीत दोन्ही



गेल्या काही महिन्यांत बचत गटांच्या बैठकींत एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला गेला. दुकानात छोट्या बाटल्या आणि पुड्या मिळतात, त्यावर ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं असतं. काहींवर ‘प्रीबायोटिक’ असतं. दोन्ही एकच का? आणि पोट साफ राहावं म्हणून ते विकत घ्यावंच लागतं का? आज याच दोन शब्दांबद्दल बोलू. उदाहरण मात्र आपल्या वऱ्हाडातलंच घेऊ, ताकातल्या कण्यांचं.

आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जिवाणू राहतात. त्यातले पुष्कळसे आपल्या उपयोगाचे असतात. बाहेरून पोटात गेलेले आणि पुरेशा संख्येने जिवंत पोहोचून फायदा करणारे जिवाणू म्हणजे प्रोबायोटिक. आणि आत आधीच राहत असलेल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं म्हणजे प्रीबायोटिक. एक जीव आहे, दुसरा त्याचा चारा. दही-ताक पहिल्या बाजूचं, ज्वारी-गव्हासारखं अख्खं धान्य दुसऱ्या बाजूचं.

आधी दही घेऊ. विरजण घातलं की त्यातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि तिचं आम्ल करतात. म्हणून दूध आंबट होतं आणि घट्ट बसतं. ज्यांना दूध प्यायलं की पोट फुगतं, त्यातल्या अनेकांना दही सोसतं. कारण दुधातली काही साखर जिवाणूंनी आधीच संपवलेली असते आणि उरलेली पचवायलाही ते मदत करतात. पण एक गोष्ट खरी सांगायला हवी. घरच्या दह्यात कोणते जिवाणू किती आहेत, हे घरोघरी आणि दिवसागणिक बदलतं. त्यामुळे शास्त्राच्या काटेकोर भाषेत प्रत्येक वाटी दह्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. शिवाय हे जिवाणू सहसा आतड्यात कायमचे वस्ती करत नाहीत. काही दिवसांत निघून जातात. म्हणून महिन्यातून एकदा गच्च दही खाण्यापेक्षा रोजचं वाटीभर ताक बरं.

आता धान्य. ज्वारीच्या दाण्यातला कोंडा आणि काही पिष्ट आपल्या लहान आतड्यात पचत नाही. ते तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून काही आम्लं तयार होतात. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी यातल्याच एका आम्लावर मोठ्या प्रमाणात जगतात. उरलेला कोंडा पाणी धरून ठेवतो, म्हणून शौचाला कुंथावं लागत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमच्याही आत. गहूही याबाबतीत कमी नाही, अख्ख्या गव्हात साधारण 11 ग्रॅम असतात. पण गव्हाचा मैदा केला की तेही 3 ग्रॅमच्या आसपास येतात. म्हणजे दोष गव्हाचा नाही, बारीक चाळणीचा आहे. अकोला-अमरावतीच्या शेतांत कपाशी आणि सोयाबीन वाढलं, ज्वारी मागे पडली, आणि भाकरीची जागा पोळी-भाताने घेतली. मग निदान पोळीचं पीठ तरी कोंड्यासकट ठेवा.

आता कण्या. गिरणीवर ज्वारी जाडी भरडून आणा. चाळून पीठ बाजूला काढा, ते भाकरीला चालेल. वर राहिलेल्या कण्या कोंड्यासकट ठेवा. पाखडून सगळा कोंडा उडवला तर चाराच उडाला. एक वाटी कण्या धुवून पाच वाट्या पाण्यात मीठ घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवा, मधूनमधून ढवळा. दाणा बोटाने दाबला की मऊ चुरला पाहिजे. जिरं, लसूण, लाल मिरचीची फोडणी याच वेळी वरून ओता.

इथे एक महत्त्वाची गोष्ट येते. पुष्कळ घरी कण्या ताकातच शिजवतात. चव छान येते, पण उकळत्या ताकात जिवाणू मरतात. कढीचंही तसंच. कढी खावी, चवीला आणि पोषणाला ती चांगलीच आहे, पण जिवंत जिवाणूंसाठी ती मोजू नये. म्हणून कण्या पाण्यात शिजवा, खाली उतरवा, बोट घालून सोसवेल इतक्या कोमट होऊ द्या, आणि मग दोन वाट्या ताजं ताक मिसळा. आता एकाच वाटीत जीवही आहे आणि त्याचा चाराही. पण उरलेल्या कण्या मे महिन्यात रात्रभर बाहेर ठेवू नका, नको ते जिवाणू वाढतात. लागतील तेवढ्याच करा.

ताक ताजं हवं तर दही नीट लागायला हवं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिथेच गडबड होते. दूध उकळून करंगळी सोसेल इतकं कोमट होऊ द्या. त्याहून गरम दुधात विरजण घातलं तर ते मरतं आणि सकाळी पातेल्यात दूध तसंच दिसतं. हिवाळ्यात अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण घालून रात्रभर गुंडाळून ठेवायला हरकत नाही. पण मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा खोलीच दह्याला पुरेशी गरम असते. अर्धा चमचा विरजण पुरे. तीन-चार तासांत दही लागतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये, नाहीतर माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवा. तसंच राहिलं तर आंबट होतं आणि पाणी सुटतं. जास्त आंबट म्हणजे जास्त गुणकारी, असं मात्र नाही.

दह्याला तार सुटली तर विरजण बदला. वर बुरशी किंवा गुलाबी-केशरी डाग दिसला, वास बिघडला, तर वरचा थर काढून खाऊ नका, सगळंच फेका.

विकतच्या बाटलीबद्दल एवढंच. ताकावर किंवा दह्यावर ‘उष्णता प्रक्रिया केलेले’ असं लिहिलं असेल तर त्यात जिवंत जिवाणू उरलेले नसतात. डॉक्टरांनी एखाद्या आजारात विशिष्ट पुडी दिली असेल तर ती घ्या, ते औषध आहे. रोजच्या पोटासाठी मात्र घरचं ताक आणि कोंड्यासकट धान्य पुरतं.

दोन सावधगिरी. ज्या घरात आजवर पोळी-भातच आहे, त्यांनी एकदम तीन वेळा ज्वारी सुरू केली तर पोट फुगेल, गॅस होईल. आठवडाभर रोज अर्धी भाकर, मग एक, असं वाढवा आणि पाणी भरपूर प्या. कोंडा वाढवून पाणी वाढवलं नाही तर बद्धकोष्ठ उलट घट्ट होतं. दुसरं, लहान लेकराला जुलाब लागले तर ताकावर विसंबू नका. आधी ओआरएस सुरू करा आणि आशाताईंना कळवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर आईचं दूधच, दही-ताक नाही. आणि शौचातून रक्त, अचानक घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी यातलं काही असेल, तर खाण्यात बदल करत बसू नका, दवाखान्यात दाखवा.

या आठवड्यात एक दिवस कण्या करून पाहा, ताक शेवटी घालून. नमस्कार.