आरोपीचे मौन आणि राज्ययंत्रणेची दुसरी संधी



भारतीय राज्यघटनेच्या विसाव्या कलमात आरोपीला दिलेल्या संरक्षणांपैकी दोन येथे पाहायची आहेत. एकाच अपराधाबद्दल कोणावरही दुसऱ्यांदा खटला भरून दुसऱ्यांदा शिक्षा करता येत नाही, हे पहिले. ज्याच्यावर अपराधाचा आरोप आहे, त्याला स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हे दुसरे. दोन्हींचा रोख एकच आहे. पुरावा गोळा करण्याचे ओझे राज्ययंत्रणेने स्वतः वाहावे, ते आरोपीच्या पाठीवर टाकू नये. आणि एकदा शिक्षा मिळवल्यावर पुन्हा त्याच माणसाला त्याच कारणासाठी पिंजऱ्यात उभे करू नये. या शब्दांची खरी कसोटी बंगळुरू शहरात लागली. तेथील प्रकरण म्हणूनच तपशिलाने समजून घेण्याजोगे आहे.

बनावट मुद्रांकांच्या घोटाळ्यातील मुख्य आरोपी अब्दुल करीम तेलगी हा बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा. त्याची नार्को चाचणी बंगळुरूच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेमार्फत करण्यात आली. या चाचणीत काय होते? आरोपीला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेऊन त्याच्या शिरेतून सोडियम पेंटोथाल हे भुलीचे औषध हळूहळू सोडतात. भूलतज्ज्ञ त्याला पूर्ण शुद्ध आणि पूर्ण बेशुद्धी यांच्या मधल्या अवस्थेत ठेवतो. मानसशास्त्रज्ञ प्रश्न विचारतो आणि सारे चित्रफितीवर नोंदले जाते. या अवस्थेत मनावरचा ताबा सुटतो आणि माणूस बोलू लागतो. पण तो खरेच बोलेल याची हमी कोणतेही औषध देत नाही. गुंगीतला माणूस कल्पनेतलेही सांगतो आणि प्रश्नात सुचवलेलेही उचलतो. तेलगीची चित्रफीत २००६ साली दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, नावे घेतली गेली, खळबळ माजली. परंतु गुंगीतल्या त्या बडबडीवर कोणाचाही अपराध सिद्ध होऊ शकत नव्हता.

या चाचण्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली मुद्रांक घोटाळ्याच्याच प्रकरणात परवानगी दिली होती. आरोपी काय बोलेल हे चाचणीपूर्वी ठाऊक नसते. तेव्हा त्याचे बोलणे त्याला गोवणारे आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा आहे, असा युक्तिवाद त्यामागे होता. हा मार्ग मोकळा होताच राज्याराज्यांचे पोलीस आपले आरोपी बंगळुरूला नेऊ लागले. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटात पकडलेल्या काही मुस्लीम तरुणांनाही तेथे नेण्यात आले. त्या खटल्यातील हयात असलेल्या सर्व मुस्लीम आरोपींना मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०१६ साली दोषारोपातून मुक्त केले. मधली वर्षे मात्र त्यांना कोणी परत दिली नाहीत.

अखेर हा प्रश्न ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांनी ५ मे २०१० रोजी निकाल दिला. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरी नोंदवणारी चाचणी, या तिन्हींपैकी एकही कोणावर सक्तीने करता येणार नाही, असे त्यांनी ठरवले.

या निकालाची मेख समजून घेण्यासाठी १९६१ सालच्या काठी कालू ओघड प्रकरणाकडे जावे लागते. तेथे अकरा न्यायाधीशांच्या पीठाने एक रेषा आखली होती. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना मागणे म्हणजे साक्ष देण्याची सक्ती नव्हे, कारण त्यांतून आरोपीच्या मनातले ज्ञान बाहेर येत नाही. ते नमुने केवळ ताडून पाहण्यासाठी असतात. ज्या विधानातून आरोपी स्वतःला माहीत असलेली गोष्ट सांगतो, ते मात्र साक्षीत मोडते. नार्को चाचणी रेषेच्या कोणत्या बाजूला येते? सुई शरीराला टोचली तरी काढून घेतले जाते ते मनातले. मेंदूच्या लहरींच्या चाचणीत तर तोंडही उघडावे लागत नाही, तरी शोध ओळखीचा आणि स्मृतीचाच असतो. म्हणून न्यायालयाने तिन्ही चाचण्या साक्षीच्या बाजूला टाकल्या. हे संरक्षण न्यायालयात उभे राहिल्यावरच नव्हे, तर पोलीस तपासाच्या अवस्थेतही लागू होते, हेही स्पष्ट झाले. नंदिनी सत्पथी प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी १९७८ साली हेच तत्त्व मांडले होते.

परंतु या निकालात एक फट राहिली आहे. आरोपीने संमती दिल्यास चाचणी करता येते. तिचा अहवाल पुरावा ठरत नाही. मात्र त्या माहितीच्या आधारे पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुराव्यात येऊ शकते. तेव्हा सारा भार ‘संमती’ या शब्दावर येतो. कोठडीतल्या माणसाची संमती किती मोकळी असते, हे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली गेली पाहिजे, आरोपीला वकील मिळाला पाहिजे, परिणाम समजावून सांगितले पाहिजेत आणि चाचणी पोलिसांनी नव्हे तर स्वतंत्र संस्थेने केली पाहिजे, अशा अटी घातलेल्या आहेत. पोलिसांसमोर कागदावर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. सक्तीची नार्को चाचणी अवैध आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात पुन्हा सांगावे लागले. म्हणजे खालच्या पातळीवर ही सवय मोडलेली नाही.

आता दुसरे संरक्षण. त्याची कक्षा सर्वसाधारण समजापेक्षा अरुंद आहे. १९४९ साली मकबूल हुसेन हा प्रवासी जेद्दाहून मुंबईत सांताक्रूझ विमानतळावर उतरला. त्याने जाहीर न केलेले सोने कस्टम खात्याने जप्त केले. पुढे त्याच सोन्यासाठी त्याच्यावर परकीय चलन कायद्याखाली फौजदारी खटला भरला गेला. ही दुसरी शिक्षा नाही काय, असा त्याचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली उत्तर दिले: नाही. कस्टम अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, आणि जप्ती म्हणजे खटल्याअंती झालेली शिक्षा नव्हे. हाच न्याय कामगारालाही लागतो. खातेनिहाय चौकशीत बडतर्फ झालेल्यावर त्याच कृत्यासाठी फौजदारी खटलाही चालू शकतो.

शिवाय घटनेचे शब्द खटला आणि शिक्षा या दोन्हींची एकत्र मागणी करतात. जो निर्दोष सुटला, त्याला पुन्हा खटल्यात ओढण्यास मनाई आहे ती घटनेच्या या शब्दांतून नव्हे, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०० मधून. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ मध्ये आहे. अपराध वेगळे असतील तर खटलेही वेगळे चालतात. तेलगीवर निरनिराळ्या राज्यांत निरनिराळे खटले चालले, ते याच कारणाने.

म्हणून आरोपीच्या बाजूने पाहणाऱ्याने प्रथम तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली कारवाई न्यायालयापुढची होती काय? तिचा शेवट शिक्षेत झाला की सुटकेत? आणि दुसऱ्या खटल्यातला अपराध तोच आहे, की फक्त घटना तीच आहे?

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही विसावे कलम स्थगित करता येत नाही. परंतु आणीबाणी नसतानाही कोठडीच्या चार भिंतींत ते रोज स्थगित होऊ शकते. तेथे आरोपीच्या हाती उरते ते एवढेच: वकिलाची मागणी करणे, स्वतःला गोवणाऱ्या प्रश्नावर गप्प राहणे, आणि दंडाधिकाऱ्यासमोर स्पष्ट शब्दांत ‘माझी संमती नाही’ असे नोंदवून घेणे.