हॉस्पिटलची मूळ बिले हरवली तर : विमा कंपनीला चालणारी डुप्लिकेट कशी मिळवावी



मी डॉक्टर नाही की वकील नाही. बँकेत कारकून आहे. कागद हरवलेली माणसे रोज माझ्या काउंटरवर येतात. कोणाचे पासबुक, कोणाची मुदत ठेवीची पावती, कोणाचा डिमांड ड्राफ्ट. म्हणून कार्यवाहांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला असावा. आरोग्य विमा आता आपल्या बऱ्याच घरांत आलेला आहे. कोणी स्वतः काढलेला, कोणाला नोकरीतून मिळालेला. हॉस्पिटल कंपनीच्या यादीत असेल तर कॅशलेस होते आणि कागदांची कटकट हॉस्पिटल सांभाळते. पण जेथे आपण आधी पैसे भरतो आणि नंतर कंपनीकडे मागतो, तेथे कंपनी मूळ बिले, मूळ पावत्या आणि मूळ डिस्चार्ज समरी मागते. तिलाच आपण डिस्चार्ज कार्ड म्हणतो. हे मूळ कागदच हरवले तर काय करायचे, एवढेच मी आज सांगणार आहे.

प्रथम कंपनी मूळ कागदासाठी का अडून बसते ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे आपोआप समजेल. डिमांड ड्राफ्ट हरवला म्हणून कोणी आला तर आम्ही त्याला लगेच दुसरा देत नाही. पहिला वटला आहे का ते पाहतो, त्याच्याकडून हमीपत्र घेतो आणि मगच डुप्लिकेट देतो. त्याच्यावर आमचा अविश्वास असतो असे नाही, पण एका रकमेसाठी दोन कागद बाजारात फिरू नयेत. विमा कंपनीची भीती नेमकी हीच आहे. तुम्ही आजारी होता की नाही ही शंका तिला फारशी नसते. मूळ बिल दाखवून तुम्ही दुसऱ्या विमा कंपनीकडून किंवा कार्यालयाच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीतून हेच पैसे घेतले तर नाहीत ना, ही शंका असते. म्हणून नुसती झेरॉक्स चालत नाही. जी डुप्लिकेट या शंकेचे उत्तर देते ती चालते.

आता एक हकीकत सांगतो. आपल्याच वस्तीतल्या एका कुटुंबाची आहे, नावे सांगत नाही. घरच्या बाईंचे पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन झाले, चार दिवस त्या दाखल होत्या. हॉस्पिटलचे अंतिम बिल 86,400 रुपये झाले. त्यातले 30,000 दाखल होताना रोख भरले, 20,000 यूपीआयने आणि उरलेले 36,400 डेबिट कार्डाने. हॉस्पिटलमधल्याच औषध दुकानाची नऊ बिले मिळून 11,250 रुपये. बाहेर केलेल्या सोनोग्राफी आणि रक्ततपासण्यांचे 3,120 आणि बाहेरच्या मेडिकलमधून आणलेल्या औषधांचे 1,180. सगळे मिळून 1,01,950 रुपये. घरी आल्यावर पाचव्या दिवशी यजमान सगळे कागद पिशवीत घालून झेरॉक्स काढायला निघाले आणि पिशवी रिक्षात राहिली. रिक्षा काही सापडली नाही.

त्यांच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांत कागद द्यावेत अशी अट होती. ही मुदत प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते, आपली पॉलिसी पाहावी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीला आणि टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेला, पत्र दिले: पॉलिसी क्रमांक, रुग्णाचे नाव, दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख, कागद कोणत्या दिवशी कोठे हरवले, आणि डुप्लिकेट मिळताच सादर करतो. पत्राच्या प्रतीवर पोच घेतली. हे पत्र फार उपयोगी पडते. केवळ उशीर झाला या एकाच कारणावरून खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना कळवलेले आहे. पण उशिराचे कारण वेळेवर कळवले होते हे दाखवायला आपल्या हातात काहीतरी हवे. पोलीस ठाण्यात त्यांनी कागद गहाळ झाल्याची तक्रार नोंदवली आणि तिची प्रत घेतली. ही चोरीची फिर्याद नव्हे. 'हरवले' असेच लिहावे. चोरी झालेली नसताना चोरी लिहिली की नसत्या चौकशा मागे लागतात.

मग ते हॉस्पिटलात गेले आणि तेथे महत्त्वाची गोष्ट घडली. बिलिंग काउंटरवरचा मुलगा चांगला होता. तो म्हणाला, "काका, काळजी करू नका, मी नवीन बिल बनवून देतो." येथे नाही म्हणायचे, मित्रहो! नवीन बिल म्हणजे नवीन क्रमांक आणि नवीन तारीख. कंपनीच्या टेबलावर ते गेले की एकाच ऑपरेशनचे दुसरे बिल तयार केले असे दिसते आणि सरळ दाव्यावर बनावटपणाचा संशय येतो. आपल्याला नवीन बिल नको असते. जुन्याच बिलाची दुसरी प्रत हवी असते. तोच बिल क्रमांक, तीच तारीख, तोच आंतररुग्ण क्रमांक, पैशापैशाला तीच रक्कम, त्यावर ठळक 'डुप्लिकेट' असा शिक्का, खाली सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, आजची तारीख आणि हॉस्पिटलचा गोल शिक्का. हे प्रत्येक पानावर हवे. बिल सात पानांचे असेल आणि शिक्का फक्त शेवटच्या पानावर असेल तर मधली सहा पाने टीपीए परत पाठवते, असे मी पाहिले आहे.

डिस्चार्ज समरी बिलिंगमध्ये मिळत नाही, ती मेडिकल रेकॉर्ड विभागात मिळते. छोट्या हॉस्पिटलात असा विभाग नसतो, तेथे डॉक्टरांकडेच अर्ज करावा. अर्ज रुग्णाच्या सहीचा हवा. दुसरा कोणी जात असेल तर रुग्णाचे अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती सोबत न्याव्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांच्या आत ते द्यावे लागतात. रुग्णाला केस पेपरच्या प्रती नाकारता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयानेही 1996 साली सांगितलेले आहे. हे भांडणाच्या सुरात सांगायची बहुधा गरज पडत नाही. अर्जात नियमाचा उल्लेख केला आणि पोच मागितली की काम होते. प्रत हातात आली की तेथेच उभे राहून वाचा. या बाईंच्या नव्या प्रिंटवर संगणकाने डिस्चार्जच्या जागी छपाईचीच तारीख घातली होती. ती तशीच गेली असती तर चार दिवसांचा मुक्काम पंधरवड्याचा दिसला असता आणि बिलाशी जुळला नसता.

सर्वात अवघड काम पावत्यांचे. बिल सांगते किती झाले, पावती सांगते कोणी किती भरले, आणि कंपनीला खरी भीती पावतीचीच असते. यूपीआय आणि कार्डाचे पैसे बँकेच्या उताऱ्यात सापडतात. माझ्या व्यवसायातली एक गोष्ट येथे सांगतो. नुसते पासबुक नेऊ नका. शाखेतून त्या तारखांचा शिक्का मारलेला उतारा घ्या आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक त्यात दिसतो आहे ना ते पाहा. अडचण आली रोख 30,000 ची. रोख पैशाचा माग बँकेत नसतो. त्यासाठी हॉस्पिटलच्या लेखा विभागात जाऊन पावती पुस्तकातल्या स्थळप्रतीवरून दाखला घ्यावा लागला आणि त्यात आठ दिवस गेले. शेवटी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर एक पत्र मिळाले. त्यात लिहिले होते की अमुक रुग्णाच्या अमुक क्रमांकाच्या बिलापोटी अमुक तीन पावत्यांनी एकूण 86,400 रुपये मिळाले, मूळ पावत्या अमुक तारखेला दिल्या होत्या, त्या हरवल्याचे रुग्णाने कळवल्यावरून या डुप्लिकेट प्रती दिल्या आहेत. हे एक पत्र साऱ्या डुप्लिकेटांना उभे करते. ते मागितल्याशिवाय हॉस्पिटल देत नाही, म्हणून मजकूर आपणच लिहून न्यावा.

हॉस्पिटलच्या औषध दुकानाने नऊही बिले पुन्हा छापून शिक्के मारून दिली, सोनोग्राफी केंद्रानेही बिल आणि अहवाल दिला. बाहेरच्या मेडिकलवाल्याने बिल दिले, पण डॉक्टरांची चिठ्ठी हरवली होती आणि ती औषधे डिस्चार्ज समरीतही नव्हती.

कंपनीसाठी आणखी दोन कागद लागले. एक प्रतिज्ञापत्र: मूळ कागद हरवले, या खर्चाचा दावा अन्यत्र कोठेही केलेला नाही आणि करणार नाही. दुसरे हमीपत्र: मूळ कागदांवर पुढे कोणी पैसे उचलले तर ही रक्कम परत करीन. त्याचा नमुना कंपनीकडूनच मागून घ्यावा. आपल्या मनाने लिहिलेला बहुतेकदा परत येतो. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात अशा कामाला 100 रुपयांचा स्टॅम्प चालत नाही, 500 चा लागतो. नोकरीत असाल तर 'यांना वैद्यकीय प्रतिपूर्ती दिलेली नाही' असा कार्यालयाचा दाखला जोडला तर कंपनीचे निम्मे प्रश्न संपतात.

संच सतराव्या दिवशी गेला. मुदतीनंतर दोन दिवस झाले होते, पण सहाव्या दिवसाच्या पत्राची पोच असल्याने कोणी काही विचारले नाही. 1,01,950 पैकी बाहेरच्या औषधांचे 1,180 चिठ्ठीअभावी गेले, हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरेचे 2,900 पॉलिसीत बसत नव्हते म्हणून गेले, आणि 97,870 रुपये बाईंच्या खात्यात जमा झाले.

दोन प्रकार मात्र वेगळे ओळखा. मूळ कागद दुसऱ्या विमा कंपनीकडे दिलेले असतील तर ते हरवलेले नव्हेत. त्या कंपनीने साक्षांकित केलेल्या प्रती आणि तिने किती दिले याचे पत्र घेऊन उरलेल्या रकमेचा दावा करावा; तेथे 'हरवले' असे प्रतिज्ञापत्र केले तर ते खोटे ठरेल. आणि कागद कंपनीत किंवा टीपीएत दिल्यावर तेथून गहाळ झाले असतील तर आपल्याकडची पोच दाखवा आणि हमीपत्र देण्यापूर्वी कागद त्यांच्याकडून हरवल्याचे लेखी मागा. तसे पाहिले तर नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकात कंपनी व टीपीए यांनी कागद हॉस्पिटलकडूनच मिळवावेत असे म्हटले आहे. व्यवहारात प्रतिपूर्तीच्या दाव्यात अजून आपल्यालाच धावावे लागते, पण कंपनी एखाद्याच कागदासाठी अडली असेल तर या परिपत्रकाचा उल्लेख करून तो तुम्हीच हॉस्पिटलकडून मागवा असे लिहिता येते.

एवढे करूनही केवळ मूळ कागद नाहीत म्हणून नकार आला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा दावा चालतो, मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. जाताना नकाराचे पत्र आणि हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचे ते पत्र अर्जाच्या पहिल्याच पानामागे लावावे.