हळदीचा साबण : रंग आणि दाहक

हळदीत चुन्याची निवळी किंवा पापडखार मिसळला की पिवळी हळद पाहतापाहता लाल होते, हे महाराष्ट्रातील आणि गोव्यातील घरांना नवे नाही. कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. घरी प्रथमच हळदीचा साबण करू पाहणाऱ्या गृहिणीला मात्र ह्या गोष्टीची आठवण बहुधा उशिरा होते. सोनेरी पिवळी वडी मिळेल या आशेने ती हळद घालते आणि भांड्यातले मिश्रण विटकरी तांबडे झालेले पाहून आपले काही चुकले असे समजते. वास्तविक काहीही चुकलेले नसते. साबण हा पदार्थच क्षारधर्मी आहे, आणि क्षाराच्या सान्निध्यात हळदीने तांबडे व्हावे हा तिचा स्वभावच होय.

साबण म्हणजे तेल आणि दाहक सोडा यांच्या संयोगातून होणारा तिसराच पदार्थ. दाहक सोडा म्हणजे बाजारात कॉस्टिक सोडा या नावाने मिळतो तो. खाण्याचा सोडा निराळा आणि कपडे धुण्याचा सोडाही निराळा. त्यांनी हे काम होत नाही. नीट झालेल्या साबणात हा दाहक शिल्लक राहत नाही, कारण तेल त्याला पूर्णपणे वापरून टाकते. परंतु त्यासाठी दोहोंचे प्रमाण वजनाने बरोबर असावयास हवे. वाटी आणि चमचा ही मापे येथे कामाची नाहीत. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा हवाच.

प्रत्येक तेलाची दाहकाची गरज वेगळी असते. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे 18.3 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, शेंगदाण्याच्या तेलाला 13.6 आणि एरंडेलाला 12.8. आता मडगावच्या एखाद्या घरी अर्धा किलो तेलाचा साबण करावयाचा आहे असे समजू. खोबरेल 250 ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल 200 ग्रॅम आणि एरंडेल 50 ग्रॅम घेतले, तर अनुक्रमे 45.75, 27.2 आणि 6.4, म्हणजे एकूण सुमारे 79 ग्रॅम सोडा लागेल. तेवढा सगळा मात्र घालावयाचा नसतो. शेकडा पाच भाग कमी करून 75 ग्रॅमच घ्यावा, म्हणजे थोडे तेल साबणात मोकळे राहते. तेच कातडीला मऊपणा देते आणि वजनातील बारीकसारीक चूकही पोटात घालते. पाणी 150 ग्रॅम पुरे. कडुनिंबाचा साबण हवा असेल तर शेंगदाण्याच्या तेलापैकी 50 ग्रॅम काढून तितकेच निंबोळीचे तेल घालावे. दोघांची गरज जवळजवळ सारखी असल्याने सोड्याचा हिशेब बदलत नाही. निंबोळीचे तेल याहून फार वाढवले तर त्याचा उग्र दर्प न्हाणीघर सोडत नाही.

आता जपावयाची जागा. अॅल्युमिनियमचे पातेले या कामाला कधीही घेऊ नये. दाहक त्या धातूला खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू सुटतो. भांडे आणि चमचा दोन्ही स्टेनलेस स्टीलचे असावेत. हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर सर्व बाजूंनी झाकणारा चष्मा आणि अंगात लांब बाह्यांचे वस्त्र असावे. खिडकी उघडी असावी आणि मुले व पाळीव जनावरे घराच्या दुसऱ्या भागात असावीत. गार पाणी आधी भांड्यात घ्यावे आणि त्यात सोडा थोडाथोडा टाकून ढवळावे. सोड्यावर पाणी ओतणे धोक्याचे, कारण ते एकदम उकळून चेहऱ्यावर उडू शकते. योग्य रीतीने केले तरी मिश्रण वाफ निघण्याइतके तापते. ती वाफ हुंगू नये.

थेंब कातडीवर उडाल्यास लागलीच वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटे धुवावे आणि भिजलेले कपडे काढून टाकावेत. लिंबू किंवा शिरका चोळू नये. त्यात वेळ जातो आणि इजा वाढण्याचे भय असते. डोळ्यात गेल्यास पापणी उघडी धरून तसेच धूत राहावे आणि लगोलग डॉक्टरांकडे न्यावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये. तडक इस्पितळ गाठावे. दाहकाचे पाणी रंगाने साध्या पाण्यासारखेच दिसते, म्हणून ते निवत असताना झाकून, नाव लिहून, उंच जागी ठेवावे.

एक चहाचा चमचा हळद आदल्या दिवशी शेंगदाण्याच्या तेलात भिजवून तेल फडक्यातून गाळून घ्यावे, म्हणजे वडीत रवाळ कण राहत नाहीत. सर्व तेले एकत्र करून कोमट करावीत. दाहकाचे पाणीही तितकेच कोमट झाले म्हणजे ते बारीक धारेने तेलात सोडावे. येथेच पिवळ्याचे तांबडे होते. हाताने ढवळल्यास अर्धा-पाऊण तासही लागतो. मिश्रण आटवलेल्या बासुंदीसारखे झाले आणि चमच्यावरून पडलेल्या थेंबाची खूण पृष्ठभागावर क्षणभर टिकली, की ते कागद लावलेल्या लाकडी पेटीत ओतावे. एकदोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या कापाव्यात आणि हवेशीर फळीवर, उन्हापासून दूर, चार ते सहा आठवडे सुकू द्याव्यात. पावसाळ्यात कोकणपट्टीत याहून अधिक दिवस लागतात.

या दिवसांत तांबडा रंग हळूहळू उतरून नारिंगी किंवा मोहरीसारखा होतो, आणि उजेडात ठेवलेली वडी फिकट पडते. कडुनिंबाच्या पाल्याची भुकटी घातल्यास तिचाही हिरवेपणा टिकत नाही. तो शेवाळी आणि पुढे तपकिरी होतो. दुकानातील हिरव्यागार वडीशी तिची तुलना करू नये. हळद दुप्पट केल्याने रंग खुलत नाही, पंचाला डाग मात्र पडतात.

कापलेल्या वडीवर पांढरी पातळ भुकटी आली तर ती हवेच्या संयोगाने आलेली असते आणि धुतली की जाते. परंतु वडीच्या पोटात कडक पांढरे खडे दिसले किंवा तिला पाणी सुटून ते बोटाला झोंबू लागले, तर दाहक शिल्लक आहे असे जाणावे आणि ती अंगाला लावू नये. ही परीक्षा हळदीच्या कागदाने होत नाही, कारण चांगला साबणही त्याला तांबडे करतोच.

हातात कसा लागतो, हे तेलावर ठरते. निव्वळ खोबरेलाचा साबण कडक व भरपूर फेसाचा होतो, पण कातडी ओढल्यासारखी करतो. शेंगदाण्याचे तेल त्याला सौम्य करते आणि एरंडेल फेस दाट करते. हळद आणि निंब यांच्याकडून मात्र औषधाची अपेक्षा ठेवू नये. क्षारात हळदीचा रंगद्रव पुष्कळसा मोडतो, आणि उरलेले क्षणभर अंगावर राहून पाण्याबरोबर वाहून जाते. खरूज किंवा गजकर्ण यांवर उपाय वैद्याचा. मळ काढणे एवढेच साबणाचे काम, आणि वजन चोख असेल तर ते घरची वडीही उत्तम करते.