तागाचा डीएनए मोजताना

कोलकात्याजवळ बराकपूरच्या नीलगंज भागात १९५३पासून तागावरची केंद्रीय संशोधन संस्था आहे. बंगालमध्ये तागाच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. ती भेंडीसारखी बुळबुळीत असते. हा बुळबुळीतपणा म्हणजे चिकट बहुशर्करा. पानांतून डीएनए वेगळा करताना त्याही सोबत येतात आणि मोजणी अवघड करतात.

एक उदाहरण सोडवू. तागाच्या पानांचा डीएनए टीई बफरमध्ये विरघळवला आहे. त्यातले ५ मायक्रोलिटर घेऊन ९५ मायक्रोलिटर टीईत मिसळले. एकूण १०० झाले, म्हणजे नमुना २० पट पातळ झाला. ९५ला ५ने भागून १९ धरणे, ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. आता स्पेक्ट्रोफोटोमीटर त्याच टीईवर शून्याला आणून नमुना ठेवला. समजा, २६० नॅनोमीटरला शोषण ०.२४ आले. ३२० नॅनोमीटरला डीएनए प्रकाश जवळजवळ शोषत नाही, तरी तिथे ०.०३ आले. हा गढूळपणाचा वाटा. तो वजा करून ०.२१ उरले.

एक सेंटिमीटर जाडीच्या नमुन्यात शोषण १ असेल, तर दुपेडी डीएनए मायक्रोलिटरला ५० नॅनोग्रॅम असतो. म्हणून ०.२१ गुणिले ५० गुणिले २०, उत्तर मायक्रोलिटरला २१० नॅनोग्रॅम.

पण हे उत्तर लगेच वहीत पक्के करू नका. गढूळपणा वजा करून २८०ला ०.१२ आले, तर २६० आणि २८०चे गुणोत्तर १.७५ भरते. शुद्ध डीएनएचे साधारण १.८ असते, म्हणजे प्रथिनांची फार भीती नाही. मात्र २३०लाही ०.२१ आले, तर तिथले गुणोत्तर केवळ १ होते. ते २च्या आसपास हवे. तागाच्या बाबतीत पहिला संशय बहुशर्करांवर घ्यावा. अशा नमुन्यात पीसीआर अडू शकतो. शिवाय चिकट द्रव पिपेटमध्ये कमी चढतो, मग २०चा गुणकच खोटा ठरतो.

उपाय मिठाचा. ६० मायक्रोलिटर डीएनएत ५ मोलर सोडियम क्लोराइडचे ४० मायक्रोलिटर घाला. ५ गुणिले ४०, भागिले १००, म्हणजे मीठ २ मोलर झाले. आता इथेनॉल घातले की डीएनए खाली बसतो आणि बहुशर्करा बऱ्याच अंशी द्रवात राहतात. साका ७० टक्के इथेनॉलने धुऊन मीठ काढा, टीईत विरघळवा आणि पुन्हा मोजा.

एक धोका तरीही उरतो. आरएनएही २६०लाच प्रकाश शोषतो आणि गुणोत्तर बिघडू देत नाही. म्हणून आरएनेज वापरावे आणि अॅगरोज जेलवर ठाऊक वजनाच्या लॅम्डा डीएनएशेजारी नमुना चालवावा. पट्टी फिकट आणि खाली धूसर पसारा दिसला, तर त्या २१०मध्ये आरएनएचाही हिस्सा आहे. तेव्हा पीसीआरसाठीचे पातळ द्रावण जेलशी जुळणाऱ्या आकड्यावरूनच करावे.